फडक्यातला हरभरा : सात दिवसांचा एक पाठ
(सौंसर परिसरातील प्राथमिक शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे एकाच पाठाविषयी बोलणार आहे. हा पाठ बीजाच्या अंकुरणाचा आहे. तिसरी-चौथीच्या पुस्तकात तो एक-दोन पानांत संपतो. बी, पाणी, हवा, ऊब आणि अंकुर असे पाच शब्द फळ्यावर लिहिले, मुलांनी ते उतरून घेतले, की तास पूर्ण होतो. हाच पाठ सोमवारी सुरू करून पुढच्या सोमवारी संपविला आणि दररोज मुलांच्या हातून त्याची नोंद करविली, तर काय करावे लागते, कोठे चुकते आणि चुकले हे कसे ओळखावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आरंभ आपल्या स्वयंपाकघरापासून करू. मटकीची उसळ करावयाची असली की घरातील बाई रात्री मटकी भिजत घालते. सकाळी ती पाणी काढून टाकते, मटकी ओलसर फडक्यात बांधते आणि गाठोडे टांगून किंवा झाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतात. ही गोष्ट वर्गातील प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. पण तिने पाणी का काढून टाकले, हा प्रश्न फार थोड्यांनी स्वतःला विचारलेला असतो. बीजाला पाणी हवे, तर ते पाण्यातच का ठेवीत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर सांगू नये. तो सोमवारी सकाळी फळ्यावर लिहावा आणि आठवडाभर पुसू नये.

यासाठी बी कोणते घ्यावे? मी हरभरा सुचवितो. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या भागात रब्बीचा हरभरा घरोघर असतो, दाणा मोठा असतो, त्याची चोच लहान मुलालाही दिसते आणि योग्य ऊब असली तर तो आठवड्याच्या आत आपले सर्व काम दाखवितो. मात्र दाणा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो अखंड असावा. डाळ, भाजलेला हरभरा किंवा भुंगा लागून भोक पडलेला दाणा चालणार नाही. दुसरी, तो घरच्या कोठीतील आणि शक्यतो गेल्या हंगामातील असावा. तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. दुकानातून आणलेल्या पेरणीच्या पिशवीतील बियाणे मुलांच्या हाती कदापि देऊ नये. त्यावर बुरशीनाशकाचा लेप असतो आणि तो विषारी असतो. हा लेप ओळखू यावा म्हणूनच अशा बियाण्याला लाल-गुलाबी रंग दिलेला असतो.

वेळ कोणती धरावी, हेही ठरविले पाहिजे. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरमध्ये हवा पुरेशी उबदार असते आणि मोड दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तेच काम बरेच सावकाश होते आणि आठवडा अपुरा पडतो. माझा कौल ऑक्टोबरला आहे, कारण त्या सुमारास गावात हरभऱ्याच्या पेरणीची तयारी चाललेली असते आणि वर्गातील पाठाला शेतातील कामाचा शेजार मिळतो.

आता मांडणी. समजा, वर्गात तीस मुले आहेत. पाच-पाच मुलांचे सहा गट करावेत. प्रत्येक गटाला तीस दाणे मोजून द्यावेत. सहा गटांचे मिळून एकशे ऐंशी दाणे होतात, म्हणजे एक लहान मूठ हरभरा. प्रत्येक गट आपले तीस दाणे तीन ठिकाणी दहा-दहा ठेवील. पहिले दहा ओल्या फडक्यात, दुसरे दहा पाण्यात बुडलेले आणि तिसरे दहा कोरडे.

ओल्या फडक्यासाठी मातीची परळ किंवा जुनी ताटली आणि जुन्या धोतराचे वा लुगड्याचे धुतलेले सुती फडके घ्यावे. फडके भिजवून पिळावे आणि दुहेरी घडी करून परळीत पसरावे. त्यावर दाणे एकमेकांना न लागतील असे, पाच-पाचच्या दोन ओळींत मांडावेत आणि वरून तसेच ओले फडके झाकावे. पहिल्या ओळीत डावीकडून एक ते पाच, दुसरीत सहा ते दहा, असे क्रमांक ठरवून घ्यावेत आणि त्यांची आकृती वहीत काढावी. हे क्रमांक पुढे फार उपयोगी पडतात, कारण काल पाहिलेला दाणा आज कोणता हे कळल्याशिवाय वाढ मोजता येत नाही.

दुसऱ्या संचासाठी वाटीत किंवा पेल्यात दाणे टाकून त्यांच्यावर चार बोटे पाणी येईल एवढे भरावे. हे पाणी आठवडाभर बदलू नये. ते आटले तर तेवढीच भर घालावी. तिसऱ्या संचात परळीत कोरडे फडके आणि त्यात दहा दाणे, एवढेच. हा कोरडा संच पाहून मुले हसतात. यात काय होणार, असे विचारतात. त्यांना म्हणावे, तुम्हाला जे दिसेल ते लिहा. या कोरड्या दाण्यांचे काम आठवड्याच्या अखेरीस आहे.

येथे एक शंका येईल. दाणे आधी रात्रभर भिजवून का घेऊ नयेत? घरी तसेच करतात आणि त्यात चूक नाही. पण शाळेच्या वेळापत्रकात ते बसत नाही. संध्याकाळी साडेचारला भिजत घातलेला हरभरा दुसऱ्या दिवशी साडेदहापर्यंत अठरा तास पाण्यात राहतो आणि काही दाणे गुदमरून कमजोर होतात. शिवाय कोरडे कडधान्य एकदम पाण्यात पडले की ते भराभर पाणी ओढते आणि जुन्या किंवा तडा गेलेल्या दाण्याच्या आतील नाजूक भागाला इजा होते. ओल्या फडक्यात तेच पाणी हळूहळू शिरते. म्हणून कोरडे दाणे सरळ फडक्यात ठेवावेत. एक दिवस अधिक लागेल, पण मुलांना दाणा फुगतानाही पाहावयास मिळेल.

फडक्यात ओल किती असावी, हा या पाठाचा कस आहे. नवा शिक्षक येथेच चुकतो. मुलांना पाणी घालण्याची हौस असते. पाच मुलांनी प्रत्येकी एक-एक पेला ओतला की फडक्याची वाटी होते आणि पहिल्या व दुसऱ्या संचात फरकच उरत नाही. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. फडक्यावर बोट दाबावे. बोटाभोवती पाण्याचे कडे दिसले तर पाणी जास्त झाले. बोट नुसते ओले झाले तर प्रमाण बरोबर. बोट कोरडेच राहिले तर पाणी शिंपडावे. गटातील एकाच मुलाकडे त्या दिवसाचे पाणी सोपवावे आणि त्याचे नाव वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा किंवा मुलगी.

आता नोंदीकडे वळू. वही गटाची असली तरी प्रत्येक मुलाने आपल्या पाटीवर किंवा वहीत स्वतंत्र चित्र काढावे. नोंदीची वेळ रोज एकच असावी. आपण सकाळचे अकरा धरू. नोंदीत चार गोष्टी पुरेत : वार व वेळ, मोड आलेल्या दाण्यांची एकूण संख्या, एका ठरलेल्या दाण्याच्या मुळाची लांबी आणि जे दिसले त्याचे एक-दोन वाक्यांत वर्णन. याहून अधिक रकाने आखले की मुले पाहण्याऐवजी रकाने भरू लागतात.

'मोड आला' कशाला म्हणावयाचे, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे. एक मूल दाणा फुगला की मोड आला म्हणते, दुसरे साल फाटली की म्हणते, तिसरे मूळ बोटभर झाल्यावर म्हणते. मग सहा गटांचे आकडे एकत्र करता येत नाहीत. वर्गाने मिळून एक नियम करावा. उदाहरणार्थ, सालीबाहेर पांढरे टोक मोहरीच्या दाण्याएवढे आले की मोड आला. नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि आठवड्याच्या मध्ये बदलू नये.

लांबी मोजण्यासाठी दाणा उचलू नये, कारण मूळ तुटते. मूळ वाकडे असते आणि पट्टी सरळ असते. तेव्हा ओला दोरा मुळाच्या वळणावर हलकेच ठेवावा, टोकावर चिमटीत धरावा आणि मग पट्टीवर मिलिमीटरमध्ये मोजावा. रोज तोच क्रमांकाचा दाणा मोजावा. सर्वांत लांब मूळ असलेला दाणा रोज नव्याने निवडण्याचा मोह मुलांना होतो. तसे केले की वही एका दाण्याची गोष्ट सांगत नाही.

आता आठवडा कसा जातो ते नमुन्यादाखल एका गटाच्या वहीतून पाहू. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या वर्गातील आकडे हवेप्रमाणे आणि दाण्याप्रमाणे पुढेमागे होतील.

सोमवारी कोरड्या दाण्याचे चित्र काढावयाचे असते. सुरकुतलेली तपकिरी साल, एका बाजूला चोच. एक दाणा बाजूला घेऊन तो नखाने फोडण्याचा प्रयत्न मुलांना करू द्यावा. तो फुटत नाही, ही पहिली नोंद.

मंगळवारी फडक्यातील दाणे फुगलेले असतात आणि सुरकुत्या गेलेल्या असतात. मोड मात्र शून्य, फार तर एखाद-दुसरा. एक जादा भिजलेला दाणा सोलून दाखवावा. साल सहज निघते, आत दोन जाड दले असतात आणि त्यांच्यामध्ये, चोचीच्या बाजूला, एक इवलासा देह चिकटलेला असतो. त्याचे चोचीतले टोक म्हणजे उद्याचे मूळ आणि दुसरे टोक म्हणजे उद्याचा कोंब. पाण्यातील दाणेही फुगलेले असतात, फडक्यातल्यांपेक्षा थोडे अधिकच. येथे मुले पैज लावतात की पाण्यातले दाणे पुढे जाणार. ती पैज वहीत लिहून ठेवावी.

बुधवारी फडक्यात सात दाण्यांना मोड आणि तिसऱ्या क्रमांकाच्या दाण्याचे मूळ आठ मिलिमीटर. सर्व मोड चोचीतूनच निघाले आहेत, हे मुलांनी आपण होऊन म्हणावे याची वाट पाहावी. पाण्यातील एक-दोन दाण्यांनाही पांढरे टोक दिसेल. शिक्षकाने येथे घाबरू नये आणि ते टोक लपवू तर मुळीच नये. पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. तेवढ्यावर काही दाणे आरंभ करतात. पैज लावणारी मुले आज खूश असतील.

गुरुवारी नऊ दाण्यांना मोड, तिसऱ्याचे मूळ बावीस मिलिमीटर. पाण्यातील टोके मात्र कालच्याएवढीच आहेत. पाणी गढूळ झाले आहे, वर फेस आहे, वास येतो आहे. मुलांनी तो वास आपल्या शब्दांत लिहावा.

शुक्रवारी फडक्यात नऊच, मूळ अडतीस मिलिमीटर, आणि दलांच्या मधून वाकलेला फिकट पिवळा कोंब वर निघालेला. हे सर्व झाकलेल्या फडक्याखाली, अंधारात झाले आहे, याकडे आता लक्ष वेधावे. मोड येण्यास ऊन लागते असे पुष्कळ मुले, आणि खरे सांगावयाचे तर काही वडीलधारी माणसेही, समजत असतात. हरभऱ्याला ते लागले नाही, हे वहीच सांगते. दलांत साठविलेल्या शिदोरीवर तो एवढा वाढला. वरचे फडके आज काढून परळ खिडकीशी, पण थेट उन्हात नव्हे, ठेवावी. शनिवारी कोंबावर हिरवी झाक येईल आणि सोमवारपर्यंत पाने हिरवी होतील. उजेड लागतो तो येथून पुढे.

शनिवारी मूळ पंचावन्न मिलिमीटर, त्याला बाजूची बारीक मुळे. दलांकडे पाहावे. ती जेथे होती तेथेच आहेत. हरभऱ्याची दले जमिनीखालीच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. पुस्तकात द्विदल रोपाची दोन दले वर उचललेली दाखविलेली असली तर मुले गोंधळतील. मुगाची आणि सोयाबीनची दले वर येतात, हरभऱ्याची व तुरीची येत नाहीत. पुढच्या वेळी एका गटाला मूग द्यावा म्हणजे हा फरक शेजारी-शेजारी दिसेल.

आणि मग रविवार येतो. येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्यांदा मी हा पाठ घेतला तेव्हा शनिवारी परळी तशाच खिडकीत ठेवून घरी गेलो. सोमवारी दोन गटांची फडकी कडकडीत वाळलेली होती आणि रोपे माना टाकून बसली होती. त्याहून वाईट पुढे झाले. मी वह्या पाहिल्या तेव्हा त्या दोन्ही गटांनी सोमवारी दहापैकी दहा मोड आणि मूळ दहा सेंटिमीटर असे लिहिले होते. रविवारचा रकानाही भरलेला होता. मी विचारले, रविवारी शाळेत कोण आले होते? कोणीच नाही. एका मुलीने खाली मान घालून सांगितले, "गुरुजी, पुस्तकात उगवते असेच लिहिले आहे, आमचे चुकले असेल म्हणून आम्ही बरोबर करून लिहिले."

तिचे म्हणणे मला बरेच दिवस पुरले. वहीत खोटे लिहावे असे तिला वाटत नव्हते. आपला डोळा चुकला आणि पुस्तक बरोबर, असे तिला वाटत होते, आणि तसे तिला आम्हीच शिकविले होते, कारण बरोबर उत्तराला आम्ही गुण देत होतो. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळीत आलो. एक, परिणाम काय होणार हे आधी सांगत नाही आणि फळ्यावर आदर्श चित्र काढत नाही. दोन, वाळून गेलेल्या परळीची खरी नोंद ही भरघोस उगवलेल्या परळीच्या नोंदीइतकीच पूर्ण मानतो. तीन, न पाहिलेल्या दिवसाचा रकाना रिकामा ठेवून त्यात 'रविवार, पाहिले नाही' असे लिहावयास लावतो. आणि शनिवारी जाताना परळीखाली ओल्या गोणपाटाची घडी ठेवतो, रोपांवर ओले फडके पुन्हा हलके पसरतो आणि सर्व परळी माठाच्या तिवईखाली गारव्यात सरकवितो. तेवढ्याने ओल दोन दिवस टिकते.

आपल्या राज्याला ही रीत नवीन नाही. 1972 मध्ये तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी शासनाच्या परवानगीने विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रयोग स्वतः करावा, दिसेल ते स्वतः लिहावे आणि निष्कर्ष चर्चेतून काढावा, ही त्याची पद्धत होती. तो पुढे जिल्हाभर पसरला आणि 2002 पर्यंत चालला. कार्यक्रम थांबला तरी मुलाची नोंद आधी आणि पुस्तकाचे वाक्य नंतर, हा त्याचा क्रम आपल्या तिसरी-चौथीलाही लागू पडतो.

नोंदीत खोट शिरली आहे का, हे ओळखण्याच्या दोन खुणा सांगतो. मोड आलेल्यांची एकूण संख्या कधी कमी होत नसते. गुरुवारी नऊ आणि शुक्रवारी आठ असे दिसले, तर एक तर मोजण्यात चूक आहे, नाही तर नासलेला दाणा कोणी फेकून दिला आहे. नासलेला दाणा काढावा, पण कोणत्या क्रमांकाचा आणि कोणत्या वारी काढला हे लिहावे. दुसरी खूण उलटी आहे. सहाही गटांची वही हुबेहूब सारखी असली तर समजावे की एकच वही पाहून पाच उतरल्या आहेत. जिवंत दाणे इतके शिस्तीत उगवत नाहीत.

आता सोमवारची, म्हणजे सातव्या दिवसाची बैठक. आपल्या नमुन्याच्या गटात दहापैकी नऊ उगवले, पाचव्या क्रमांकाचा उगवला नाही. मुलांना विचारावे, पाचवा कसा दिसतो? तो फुगलेला, मऊ, बुरशी आलेला असेल तर तो मेलेला दाणा होता. मेलेला दाणाही फुगतो, हे मुलांना आश्चर्याचे वाटते. पण घरी भिजवलेली डाळ फुगते, मोड मात्र येत नाही, हे आठवून दिले की ते पटते. फुगणे हे केवळ पाणी शोषणे आहे, मोड येणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. उलट पाचवा दाणा सोमवारसारखाच टणक राहिला असेल, तर त्याच्या सालीने पाणी आत घेतलेच नाही. तो अजून जिवंत असू शकतो. मूग-उडदात असे टणक दाणे अधिक सापडतात.

मग सहा गटांची बेरीज करावी. समजा, फडक्यातील साठांपैकी चौपन्न उगवले, पाण्यातील साठांपैकी टोक निघाले नऊंचे पण रोप एकाचेही झाले नाही आणि कोरड्यातील शून्य. आता फळ्यावरील प्रश्न वाचावा. मुले सांगतील, पाणी पाहिजे पण बुडवून नव्हे, कारण बुडल्यावर दाण्याला श्वास मिळत नाही. तेथे एखाद्या धान पिकविणाऱ्या घरच्या मुलाने धान तर पाण्यात उगवते असे म्हटले, तर त्याला गप्प करू नये. ते खरे आहे. धानाचा कोंब हवेच्या तुटीतही बाहेर येऊ शकतो. आपला निष्कर्ष हरभऱ्याचा आहे, सर्व बीजांचा नव्हे, एवढे वाक्य वहीत जोडावे.

शेवटी कोरडे दहा दाणे उरतात. ते कोरड्या फडक्यातून काढून ओल्या फडक्यात ठेवावेत. पाण्यातील दहाही धुऊन दुसऱ्या ओल्या फडक्यात ठेवावेत. बुधवारी कोरड्यांना मोड आलेले दिसतील, पाण्यातील बहुतेक उठणार नाहीत. न उगवलेला आणि मेलेला, हे दोन निराळे शब्द आहेत, ते येथे कळते. कोरडा दाणा आठवडाभर वाट पाहत होता. कोठीतला दाणा पेरणीपर्यंत हेच करीत असतो.

ग्रामस्थ मंडळींसाठी आता दोन शब्द. फडक्यातील साठ दाण्यांत चौपन्न म्हणजे शंभरात नव्वद. प्रमाणित हरभऱ्याच्या बियाण्यासाठी उगवणीची किमान मर्यादा शंभरात पंच्याऐंशी आहे. पेरणीपूर्वी आपल्या घरचे बियाणे या वर्गाकडे तपासण्यास दिले, तर मुलांना खरे काम मिळेल आणि आपल्याला अंदाज. बियाणे पोत्याच्या वरच्या थरातून न घेता वरून, मधून आणि तळातून थोडे-थोडे घ्यावे आणि दाणे निवडून न देता जसे हाती येतील तसे द्यावेत. मात्र हा अंदाजच आहे. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत चारशे दाणे घेतात आणि नुसते मोड न मोजता चांगली वाढलेली रोपे मोजतात. साठ दाण्यांत दोन-तीनांचा फरक पडला म्हणून एकाचे बियाणे चांगले आणि दुसऱ्याचे वाईट असे ठरवू नये. साठांत तीसच उगवले, तर मात्र ते बियाणे पेरण्याआधी जरूर विचार करावा.

भाषेविषयी एक गोष्ट सांगून थांबतो. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला आपला पांढुर्णा जिल्हा मराठी बोलीचा आणि हिंदी कारभाराचा आहे. घरी मूल 'हरबरा' म्हणते, पुस्तकात 'चना' असते. घरी 'मोड' आणि 'कोंब', पुस्तकात 'अंकुर'. नोंदवहीत मुलाने आपल्या तोंडचा शब्द लिहावा. 'दाना टम्म फुगला' असे त्याने लिहिले तर ते खोडू नये. ती नोंद खरी आहे आणि तीच त्याने डोळ्यांनी पाहिली आहे. आठवड्याच्या शेवटी, गोष्ट पाहून झाल्यावर, पुस्तकातला शब्द त्याच्या शब्दाशेजारी लिहून द्यावा. तेव्हा तो शब्द त्याला पाठ करावा लागणार नाही.

उगवलेली रोपे शाळेच्या आवारात लावावीत आणि सहा गटांच्या वह्या कपाटात जपून ठेवाव्यात. पुढच्या ऑक्टोबरला नवा वर्ग आपले आकडे त्यांच्याशी ताडून पाहील. त्या वह्यांत एक रविवार रिकामा असेल आणि एखादी परळ वाळलेली असेल. तशाच त्या असू द्याव्यात.